ओट्याखालची कपाटं: तीन शीटचं काम दोन शीटमध्ये कसं बसवायचं

प्लायचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने, कागदावर चार फुटाचे दोन-दोन फूट असे दोन भाग पडतात आणि मशीनखाली पडत नाहीत. ब्लेड प्रत्येक कटला साधारण ३ मिमी प्लायचा भुसा करतं, म्हणजे जवळपास एक सूत, आणि दुकानातून आलेल्या शीटच्या कडा काटकोनात असतीलच असं नाही. मग शेवटचा तुकडा बारीक पडतो आणि त्या एका तुकड्यासाठी आख्खी शीट आणावी लागते. आपल्याकडे गावात काम असेल तर त्या एका शीटसाठी टेम्पो रत्नागिरी नाहीतर कुडाळवरून परत बोलवायचा, आणि गणपतीच्या आधी काम उरकायचं असेल तर तेवढा वेळही नसतो.

म्हणून इथे एकच काम घेतो आणि शेवटपर्यंत नेतो. ओट्याखाली भिंत ते भिंत १८०० मिमी जागा, त्यात तीन कप्पे, १८ मिमी प्लाय, शटर पण त्याच प्लायचे. साधा हिशोब केला तर तीन शीट लागतात. मांडणी नीट केली तर दोन. मागची ६ मिमीची बॅक वेगळ्या शीटमधून येते, ती यात धरलेली नाही.

टप्पा १: आधी जागा मोजा, मग शीट मोजा

ओट्याखालची रुंदी तीन ठिकाणी मोजायची, जमिनीलगत, मधे आणि वर ग्रॅनाइटखाली, आणि तेही पुढे एकदा, मागे भिंतीजवळ एकदा. चिऱ्याच्या भिंतीवर गिलावा जाड-बारीक असतो, त्यामुळे १० मिमीचा फरक सहज निघतो. त्यातला सगळ्यात छोटा आकडा खरा धरायचा, आपल्या उदाहरणात तो १८०० आहे.

मग शीट. नाव ८ बाय ४ असलं तरी टेप लावून बघा. साधारण २४४० बाय १२२० मिळते, पण एखादी २४३५ पण निघते. दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीच्या वर असेल तर शीट तिरकी आहे आणि कडा साफ करताना जास्त जाणार. जाडी पण मोजा, १८ म्हणून घेतलेली १७ च्या आसपास असू शकते आणि ती चूक प्रत्येक कप्प्याच्या रुंदीत दुप्पट होऊन येते.

पावसात आणलेली शीट गोदामातून आल्याआल्या कापायला घेऊ नका. घरात लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवा, दोन-तीन दिवस तरी. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून उभी ठेवली तर खालची कड ओल पिते आणि शीट कमरेत वाकते, वाकलेल्या शीटमधून सरळ पट्टी निघत नाही. उलट खळ्यात उन्हात टाकून सुकवायची घाई पण नको, एका बाजूने तापली की ती त्या बाजूला कपासारखी वळते.

तपासा: कापणार त्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच टेप वापरा. दोन टेपांपैकी एकाची टोकाची हूक सैल झालेली असेल तर १ मिमी इथेच जातो.

टप्पा २: ब्लेड किती खातं ते काढा

हा टप्पा सगळे गाळतात. एका टाकाऊ तुकड्यावर आपल्याच मशीनने, आपल्याच ब्लेडने एक कट मारा, पण तो अर्ध्यातच थांबवा, आणि पडलेल्या खाचेची रुंदी मोजा. चार इंची कटरचं ब्लेड बऱ्याचदा २ मिमीच्या आसपास खातं, दुकानातलं पॅनेल सॉ ३ किंवा थोडं जास्त. पण हातात धरून सरळ पट्टीशिवाय कापत असाल तर मशीन डुलतं आणि खाच रुंद होते, तेव्हा ४ धरा. या लेखात मी सगळीकडे ३ धरलंय.

त्याच कटवर अजून एक आकडा घ्या, मशीनच्या बुडाच्या पत्र्याच्या कडेपासून ब्लेडच्या दातांपर्यंतचं अंतर. सरळ पट्टी कुठे बांधायची ते याच आकड्यावरून ठरतं, त्यामुळे तो मशीनवरच मार्करने लिहून ठेवा. ब्लेड बदललं की परत मोजायचा.

आता शीटचा वापरता येणारा भाग ठरवा. चारही बाजूंनी ५-५ मिमी साफ करायला सोडले की २४४० बाय १२२० मधून २४३० बाय १२१० उरतात. यापुढचं सगळं गणित याच आकड्यावर.

टप्पा ३: तुकड्यांची यादी, ग्रेनसकट

यादीत पहिला आकडा ग्रेनच्या दिशेचा लिहायचा, दुसरा आडवा. पॅनेल सॉ वाल्याला यादी दिली तर तो पण तसंच वाचतो, आणि उलटं लिहिलं तर शटरवर रेषा आडव्या येतात.

साधी पद्धत अशी असते: तीन स्वतंत्र बॉक्स, प्रत्येक ६०० चा, प्रत्येकाला दोन साइड. म्हणजे सहा साइड ७२० बाय ५६०, तीन बॉटम ५६४ बाय ५६०, तीन फळ्या ५६४ बाय ५३०, वरच्या सहा पट्ट्या ५६४ बाय ८०, आणि तीन शटर. ५६४ कुठून आले, तर ६०० मधून दोन साइडचे ३६ वजा.

आता बघा, पहिल्या शीटमधून सहा साइड काढल्या, दुसऱ्यातून बॉटम आणि फळ्या, तर शटरसाठी तिसरी शीट. तीन झाल्या. दोन शीटमध्ये हे तुकडे कसेही फिरवले तरी बसत नाहीत, कारण सहावी साइड मावेल एवढा सलग तुकडा कुठे उरतच नाही.

म्हणून डिझाइनलाच हात घालायचा. दुसरा आणि तिसरा कप्पा वेगळे न करता एकच जोड बॉक्स करा, मधे एकच पडदी. साइड सहाच्या पाच झाल्या. जोड बॉक्सची रुंदी १८ च्या तीन फळ्या अधिक दोन वेळा ५६४, म्हणजे ११८२. पहिला ६०० चा. एकूण १७८२, आणि भिंतीजवळ १८ मिमी मोकळे. हे १८ मिमी वाया नाहीत, चिऱ्याच्या भिंतीला बॉक्स घट्ट बसवायला गेलात तर तो बसणारच नाही, तिथे भिंतीप्रमाणे घासलेली पट्टी लागतेच.

आतून पांढरा मायका आधी चिकटवून मग बॉक्स जोडणार असाल तर प्रत्येक आतल्या बाजूला मायकाची जाडी वाढते. ५६४ तसाच ठेवा, बॉक्स मिमी-दोन मिमीने रुंद होईल आणि तो फरक भिंतीजवळचे १८ मिमी सामावून घेतील. ५६४ कमी करत बसलात तर सगळी मांडणी परत करावी लागते.

शटरची यादी: पहिल्या बॉक्सचं एक ७१६ बाय ५९६, जोड बॉक्सची दोन ७१६ बाय ५८८. चारी कडांना १ मिमीचा एज बँड लागून मग थोडी फट राहते. जाड लाकडी पट्टी लावणार असाल, फणसाची किंवा सागाची, तर ती जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा. जोड बॉक्सची दोन्ही शटर बाहेरच्या साइडना बिजागरीवर लटकवा आणि पडदीवर भेटू द्या, म्हणजे पडदीवर वेगळ्या प्रकारची बिजागरी लागत नाही.

थांबा: सिंक ज्या कप्प्यावर आहे तिथे काटकसर प्लायच्या दर्जात करू नका. शीटवर आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या. आणि खाली प्लायचा पाया न करता पीव्हीसीचे पाय लावा, आपल्याकडे स्वयंपाकघर पाणी ओतून धुतात, प्लायचा पाया एका पावसाळ्यात फुगतो.

टप्पा ४: मांडणी कागदावर

एक नियम पाळला की बाकी सोपं जातं. मशीन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कापतं, मधेच वळत नाही. त्यामुळे कागदावर इंग्रजी एल आकाराचा तुकडा उरतोय असं दिसलं तर ती मांडणी कापता येत नाही, कितीही छान बसलेली दिसली तरी. आधी लांबीत पट्टे, मग पट्ट्यांचे तुकडे, एवढंच.

पहिली शीट, रुंदीत तीन पट्टे: ५६०, ५६० आणि ८४. बेरीज करून बघा, ५६० अधिक ३ अधिक ५६० अधिक ३ अधिक ८४ बरोबर १२१०. ८४ च्या पट्ट्यातून ८० च्या वरच्या पट्ट्या निघतात, चार, कारण चार वेळा ५६४ आणि कटचे मिळून २२६८ होतात.

आता गंमत ५६० च्या पट्ट्यांत आहे. सगळे सरळ हाताने तीन साइड एका पट्ट्यात घालतात, आणि टोकाला पाव मीटरचा तुकडा उरतो. त्याऐवजी एक साइड आणि तीन ५६४ एका पट्ट्यात घाला. ७२० अधिक तीन वेळा ५६४ म्हणजे २४१२, मधले तीन कट ९, झाले २४२१. पट्टा २४३० चा. शेवटी ९ मिमी उरतात, जेमतेम एक कट मारायला पुरे. पहिल्या पट्ट्यात एक साइड आणि तीन बॉटम, दुसऱ्यात एक साइड आणि तीन फळ्या. फळ्या ५६० च्या निघतील, त्या मागून ५३० ला कापायच्या, आणि निघालेल्या बारीक पट्ट्या फेकू नका, त्याच फळ्यांखाली टेके म्हणून लागतात.

दुसरी शीट: ५६० चा एक पट्टा, ५९६ चा एक पट्टा, उरलेला ४८ चा. ५६० मध्ये उरलेल्या तीन साइड. ५९६ मध्ये तीन शटर, त्यातली दोन नंतर ५८८ ला घासायची. शटरच्या पट्ट्याच्या टोकाला २७३ बाय ५९६ चा तुकडा उरतो, त्यातून राहिलेल्या दोन वरच्या पट्ट्या आडव्या काढा, ५६४ बाय ८०. त्यांचा ग्रेन आडवा येतो, पण त्या ओट्याखाली लपतात आणि वजन घेत नाहीत, चालतं. साइडच्या पट्ट्याचा उरलेला तुकडा २६१ बाय ५६० चा आहे, त्यातून हीच पट्टी काढायला बघाल तर ४ मिमीने कमी पडते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आणि ४८ च्या पट्ट्यातून भिंतीजवळची ७२० ची पट्टी.

शेवटी हातात काय उरतं? २६१ बाय ५६० चा एक, १०७ बाय ५९६ चा एक, आणि बारीकसारीक. दोन शीटमधलं जवळजवळ ९० टक्के प्लाय कपाटात गेलं.

तपासा: तुमची शीट २४३५ निघाली तर कडा साफ करून २४२५ उरतात आणि २४२१ अजून बसतात, पण शेवटच्या कटला जागा फक्त ४ मिमी. तिथे टोकाची साफसफाई ५ ऐवजी ३ मिमीत उरका. ४ मिमी खाणाऱ्या हातकापाने मात्र हा पट्टा घेऊ नका.

टप्पा ५: कापण्याचा क्रम

१. शीट खाली थर्माकोलवर किंवा एका जाडीच्या चार-पाच लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवा, कट ज्या रेषेवर आहे तिच्या दोन्ही बाजूंना आधार पाहिजे. एक बाजू लटकत राहिली की शेवटच्या फुटात कट मिटतो, ब्लेड अडकतं आणि मशीन मागे उसळतं. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा ५ मिमीच जास्त.

२. एक लांब कड आधी साफ करा, ५ मिमी. ही तुमची मूळ कड. पट्ट्यांची मापं हिच्यापासून सुरू होणार, समोरच्या कारखान्याच्या कडेपासून एकही नाही. मग गुण्या लावून एक आखूड कड साफ करा, तीच आडव्या मापांची मूळ कड.

३. ५६० चा पट्टा. सरळ पट्टी म्हणून आठ फुटी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप उत्तम, दोन टोकांना शिकंजे आणि मधे वाकत नाही ना ते डोळ्याने बघा. टप्पा २ मधलं अंतर धरून पाइप बांधा, कट मारा.

४. पट्टा तीन ठिकाणी मोजा, दोन टोकं आणि मधे. ५६० आला का? मगच पुढचा पट्टा. दुसऱ्या पट्ट्याचं माप नव्याने कापलेल्या कडेपासून घ्यायचं.

इथेच बाकीची सगळी गडबड होते, म्हणून जरा थांबतो. बरेच जण शीटवर आधी सगळ्या रेषा मारून टाकतात, ७२० वर एक, १२८४ वर दुसरी, १८४८ वर तिसरी, २४१२ वर चौथी, आणि मग सपासप कापत जातात. पहिला तुकडा बरोबर येतो. दुसरा ५६१ चा, तिसरा पण ५६१ चा, कारण ब्लेडची खाच प्रत्येक वेळी पुढच्या तुकड्यातून गेली, आणि दुसरा कोणी रेषेच्या मधून कापतो तर त्याचे तुकडे वेगळ्याच मापाचे. बॉटम ५६१ चा आणि वरची पट्टी ५६४ ची असेल तर बॉक्स वर रुंद, खाली अरुंद होतो, आणि ते कळतं कधी, तर शटर लावताना, एका कोपऱ्यात फट दिसते आणि बिजागरीचा स्क्रू फिरवून ती जात नाही. म्हणून एक रेषा, एक कट, परत माप. आणि रेषेच्या ज्या बाजूला ब्लेड जाणार त्या बाजूला छोटी फुली मारा.

५. सगळे पट्टे झाल्यावर आडवे तुकडे. पाचही साइड एकाच थांब्याला लावून कापा, मापाने मारून नाही. थांबा म्हणजे सरळ पट्टीला ७२० वर ठोकलेला एक लाकडी तुकडा, पट्टा त्याला टेकवायचा आणि कापायचा. मग थांबा ५६४ ला सरकवा आणि बॉटम, फळ्या, सगळ्या वरच्या पट्ट्या एकाच सेटिंगला काढा. आकडा ५६४ ऐवजी ५६३.५ झाला तरी बिघडत नाही, सगळे सारखे असले म्हणजे झालं. थांब्याजवळ भुसा साचतो, दर कटला झाडा, नाहीतर प्रत्येक तुकडा अर्धा मिमी छोटा निघत जातो.

६. शटर सगळ्यात शेवटी. बॉक्स जोडून जागेवर उभा राहू दे, मग शटरच्या रुंदीचा शेवटचा कट. तोवर पट्टा ५९६ चाच ठेवा.

थांबा: हातातलं कटर खालून वर कापतं, त्यामुळे टवके वरच्या तोंडाला उडतात. चांगलं तोंड खाली ठेवा. टेबल सॉवर बरोबर उलटं, चांगलं तोंड वर. शटरचा मायका आधीच चिकटवलेला असेल तर रेषेवर मास्किंग टेप आणि ब्लेड जास्त दातांचं.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, मशीनचा आवाज जड झाला की ढकलू नका, थांबा. मंद फिरणारं ब्लेड प्लाय जाळतं आणि कट वाकडा जातो, मग गणितातले ३ मिमी कुठल्या कुठे.

टप्पा ६: कापल्याबरोबर

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने नाव, आणि पुढची कड कुठली ते एका बाणाने. पाच साइड एकावर एक रचा, बोट फिरवा, कुठे पायरी लागते का. तसंच बॉटम आणि वरच्या पट्ट्या. पायरी अर्ध्या मिमीची असेल तर रंधा, जास्त असेल तर थांबा सरकला होता, तो तुकडा बॉक्सच्या अशा जागी वापरा जिथे जोड दिसत नाही.

उघड्या कडा त्याच दिवशी बंद करा. एज बँड लगेच लावणार नसाल तर निदान सीलरचा एक हात, विशेषतः बॉटमच्या मागच्या आणि सिंककडच्या कडेला, तिथे एज बँड कोणी लावत नाही आणि पाणी तिथूनच चढतं. जूनमध्ये पडवीत एक आठवडा उघडी पडलेली कड हाताला जाड लागते, आणि मग मोजून काढलेल्या ५६४ च्या खाचेत बॅक जात नाही.

उरलेला २६१ बाय ५६० चा तुकडा ट्रॉलीच्या छोट्या ड्रॉवरला जातो. त्यावर माप आणि ग्रेनचा बाण टाकून आडवा ठेवा, नाहीतर पुढच्या कामाला परत मोजत बसाल.